पाच आठवड्यांचा प्रकल्प साप्ताहिक टाचणात कसा बसवायचा: टप्पे, तपासणी आणि गुणदानाची रुब्रिक

वर्गातला प्रकल्प फसतो तो बहुतेक वेळा तिसऱ्या आठवड्यात. पहिल्या आठवड्यात सगळे उत्साहात असतात आणि शेवटच्या आठवड्यात सगळे घाईत. मधल्या काळाचं टाचण उघडलं तर चार-पाच दिवस एकच ओळ दिसते: ‘गटकार्य – प्रकल्प सुरू’. त्या तासिकेत कोणता गट कुठे पोचला, कुणाचं काय चुकलं, ते कधी दुरुस्त होणार, यातलं काहीच त्या ओळीतून कळत नाही. चुका शेवटी सादरीकरणात दिसतात, तेव्हा दुरुस्तीला वेळ उरलेला नसतो.

उपाय नियोजनाच्या क्रमात आहे. टाचणात आधी तपासणीच्या आणि दुरुस्तीच्या तासिका लिहायच्या, मग उरलेल्या जागेत शिकवणं आणि काम बसवायचं. एका प्रकल्पावर हे शेवटपर्यंत करून पाहू.

प्रकल्प सातवीच्या आसपासच्या वर्गाचा, गणित आणि विज्ञान एकत्र. प्रश्न असा: शाळेतल्या गळक्या नळांतून आठवड्याला किती पाणी वाया जातं आणि कोणते तीन नळ आधी दुरुस्त करायला हवेत? वर्गात ३६ मुलं, चार-चारांचे ९ गट. प्रत्येक गट दोन नळ मोजणार, सगळ्यांचे आकडे वर्गाच्या एका सामायिक तक्त्यात जाणार आणि त्यावरून प्रत्येक गट आपली शिफारस लिहिणार. शेवटी हातात येणार एका पानाचा अहवाल आणि चार मिनिटांचं तोंडी सादरीकरण, तेही दुरुस्तीचा निर्णय घेणाऱ्या व्यक्तीसमोर.

प्रश्न वर्गात मांडण्याआधी शिक्षकाने एक फेरी मारून गळके नळ मोजून यावेत. सहापेक्षा कमी निघाले तर हा प्रश्न चालणार नाही. तो ‘हात धुताना एका वेळी किती पाणी वाहतं’ असा बदलावा. मोजमाप, सरासरी आणि दर हे घटक तसेच राहतात.

आधी खऱ्या तासिका मोजा

आठवड्याला ५ तासिका म्हणजे पाच आठवड्यांत २५, हा कागदावरचा आकडा. वेळापत्रक समोर ठेवून त्यातून सुट्टी, चाचणी आणि शाळेचा कार्यक्रम वजा करा. आपल्या उदाहरणात दुसऱ्या आठवड्याचा गुरुवार सुट्टीचा, चौथ्याचा शुक्रवार चाचणीचा आणि पाचव्याचा शुक्रवार कार्यक्रमाचा आहे. उरल्या २२. त्यातल्या दोन मुद्दाम रिकाम्या ठेवायच्या, एक तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आणि एक पाचव्याच्या. नियोजन २० तासिकांचंच.

रिकामी तासिका टाचणात लिहायला संकोच वाटतो. तिथे ‘राखीव: राहिलेली मोजणी, गैरहजर मुलांचं काम’ असं लिहावं. ती नसेल तर एक पावसाळी दिवस किंवा एक अनपेक्षित बैठकही पुढचं सगळं ढकलते, आणि ढकललं जातं ते नेमकं दुरुस्तीचं काम.

टप्पा म्हणजे हातात येणारी वस्तू

‘माहिती गोळा करणे पूर्ण’ हा टप्पा होत नाही, कारण तो तपासता येत नाही. टप्प्याला तीन गोष्टी लागतात: गटाने हातात द्यायची वस्तू, ती पुढे जाण्यालायक आहे का हे ठरवणारी दोन-तीन कलमं, आणि परत आली तर दुरुस्तीला राखलेली तासिका. पाच आठवड्यांना तीन टप्पे पुरतात. जास्त ठेवले तर शिक्षकाचा वेळ तपासण्यातच जातो.

पहिला टप्पा मोजणीच्या आराखड्याचा. अर्ध्या पानावर नळ कोणता, किती मिनिटं पाणी गोळा करणार, किती वेळा मोजणार, आणि रिकामा तक्ता. तपासायची कलमं: वेळ ठरलेली आहे, प्रत्येक नळाची मोजणी किमान तीनदा आहे, तक्त्यात एकक लिहिलेलं आहे.

दुसरा टप्पा नोंदींचा भरलेला तक्ता आणि एका नळाचा संपूर्ण हिशेब. दोन्ही नळांचा हिशेब मागू नये. एका नळात चूक सापडली तर ती दुसऱ्यातही असणारच, आणि मुलांना तेच काम दोनदा करावं लागतं.

तिसरा टप्पा अहवालाचा कच्चा मसुदा, आलेखासह.

टप्प्यांना गुण ठेवू नयेत. पहिल्या आठवड्यात चुकलेल्या आणि नंतर सुधारलेल्या गटाचे गुण त्या पहिल्या चुकीसाठी कापले जावेत असं काही कारण नाही. पण गुण नाहीत म्हटलं की मुलं टप्पा गंभीरपणे घेत नाहीत, ही तक्रारही खरी. त्यावर उपाय असा की टप्पा पुढच्या कामाच्या साहित्याशी जोडावा. आराखडा मंजूर झाला की मोजपात्र मिळेल, हिशेब बरोबर आला की आलेख कागद, मसुदा तपासून झाला की सादरीकरणाचा क्रम. मग आराखडा दाखवायला मुलं स्वतःहून रांग लावतात.

आठवड्यांचं वाटप

| आठवडा | सोम | मंगळ | बुध | गुरु | शुक्र |
|---|---|---|---|---|---|
| १ | प्रश्न, इमारतीची फेरी | शिकवणी: आकारमान मोजणे | एका नळावर सराव | तपासणी १ | दुरुस्ती |
| २ | मोजणी | मोजणी | शिकवणी: सरासरी | सुट्टी | उरलेली मोजणी, सरासरी |
| ३ | शिकवणी: दर, एककं बदलणे | तपासणी २ (५ गट) | तपासणी २ (४ गट) | दुरुस्ती | राखीव |
| ४ | शिकवणी: स्तंभालेख | शिफारस लिहिणे | तपासणी ३ | दुरुस्ती | चाचणी |
| ५ | सादरीकरण (५ गट) | सादरीकरण (४ गट) | वैयक्तिक उत्तर | राखीव | कार्यक्रम |

या तक्त्यात एकही तपासणी आठवड्याच्या शेवटच्या तासिकेला नाही. शुक्रवारी आराखडा तपासला की सूचना शनिवार-रविवारात विरून जातात आणि सोमवारी पुन्हा पहिल्यापासून समजवावं लागतं. तपासणी आठवड्याच्या मधे आणि दुरुस्ती शक्यतो लगेच दुसऱ्या दिवशी असावी.

शिकवणीच्या तासिका चारच आहेत आणि त्या मुलांना गरज पडते तिथेच ठेवल्या आहेत. सरासरी दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी येते, कारण तोवर हातात तीन वेगवेगळे आकडे असतात आणि ‘यातला खरा कोणता?’ हा प्रश्न मुलांनीच विचारलेला असतो. हाच घटक पहिल्या आठवड्यात शिकवला तर तो पुस्तकातल्या उदाहरणांपुरता राहतो. पाठ्यपुस्तकातला घटक वेगळा आणि प्रकल्प वेगळा असं दुहेरी नियोजन केलं तर तासिका कधीच पुरत नाहीत. या चार तासिका घटक नियोजनात त्या-त्या घटकाच्या म्हणूनच दाखवाव्यात.

तपासणीच्या तासिकेचा हिशेब

इथे बहुतेक नियोजनं कोसळतात, म्हणून मिनिटांत पाहू. तासिका ४० मिनिटांची, गट ९. सुरुवातीची २ मिनिटं सूचनांना दिली तर प्रत्येक गटाला जेमतेम ४ मिनिटं मिळतात. आराखडा अर्ध्या पानाचा असल्यामुळे पहिल्या टप्प्याला तेवढी पुरतात. हिशेब तपासायला पुरत नाहीत, म्हणून दुसरा टप्पा दोन दिवसांत वाटला आहे: मंगळवारी ५ गट, बुधवारी ४, प्रत्येकी ७ मिनिटं. मसुदा वाचायला तर वर्गात वेळच नाही. चौथ्या आठवड्याच्या बुधवारी गट एकमेकांचे मसुदे रुब्रिक हातात धरून वाचतात. शिक्षक तासिकेच्या शेवटी मसुदे गोळा करतो, घरी प्रत्येकी पाच मिनिटं देऊन वाचतो आणि गुरुवारी परत देतो. एकूण पाऊण तासाचं काम.

एका गटाशी बोलणं चालू असताना बाकीचे आठ काय करतात, हे टाचणात लिहिलेलं नसेल तर वर्गात गोंगाट होतोच. पहिल्या आठवड्याच्या गुरुवारचं टाचण साधारण असं दिसतं:

> उद्दिष्ट: गट आपल्या मोजणीची पद्धत कारणासह सांगतो.
> ०–२ मिनिटं: फळ्यावर तीन कलमं. गटांचा क्रम जाहीर.
> २–३८ मिनिटं: एकेका गटाची तपासणी, प्रत्येकी ४ मिनिटं. प्रश्न एकच: ‘तीनदा का मोजणार?’ उत्तर प्रत्येक वेळी वेगळ्या मुलाने द्यायचं.
> इतर गट: कालच्या सरावाच्या तीन आकड्यांत फरक का आला याची दोन कारणं वहीत. झालं की दुसऱ्या नळाचा रिकामा तक्ता आखणे.
> ३८–४० मिनिटं: ‘मंजूर’ आणि ‘परत’ यादी फळ्यावर.
> नोंद: परत गेलेले गट, कोणत्या कलमावर.

शेवटची ओळ टाळू नका. ‘गट ३, ५, ८ – एकक नाही’ एवढी नोंद असली की शुक्रवारच्या दुरुस्तीच्या तासिकेत कुणाकडे आधी जायचं ते ठरलेलं असतं. सहा-सात गट एकाच कलमावर परत गेले तर चूक शिकवणीतली आहे असं समजावं आणि शुक्रवारची पहिली दहा मिनिटं सगळ्या वर्गाला द्यावीत.

मोजणीत काय चुकतं

मोजणीच्या एका तासिकेत एकच नळ धरावा. पाच-पाच मिनिटांच्या तीन मोजण्या, जाणं-येणं आणि लिहिणं यात तासिका संपते. मोजपात्रं कमी असली तरी अडत नाही. पाणी पेल्यात गोळा करायचं आणि मग १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात ओतून वाचायचं. मोजपात्र एका गटाला मिनिटभरच लागतं, त्यामुळे ९ गटांना तीन पुरतात. बादलीत पाणी गोळा करू देऊ नये. तळाशी साठलेले साठ मिलिलिटर ओतताना त्यातले काही भिंतींना चिकटून राहतात.

मुलं नळाजवळ गेली की आधी तो घट्ट बंद करतात, सवयीने. मग गळती थांबते आणि तक्त्यात शून्य येतं. नळ सापडला त्याच स्थितीत मोजायचा, हे आराखड्यात लिहून घ्यावं. दुसरी गोष्ट: टाकी भरलेली असताना दाब जास्त असतो आणि गळतीही वाढते. सकाळचा आणि दुपारचा आकडा जुळला नाही तर मुलाची चूक धरू नये. तक्त्यात वेळेचा रकाना ठेवला की हा फरक मुलांना स्वतःच दिसतो, आणि अहवालात लिहिण्यासारखं काहीतरी खरं हाती येतं. पाण्याची पातळी डोळ्यासमोर धरून वक्र पृष्ठभागाच्या तळाशी वाचायची, हे मंगळवारच्या शिकवणीत प्रत्येकाने एकदा करून पाहिलेलं असावं.

आता एका नळाचा हिशेब. पाच मिनिटांच्या तीन मोजण्या ६२, ६० आणि ६४ मिलिलिटर. सरासरी ६२. मिनिटाला १२.४, तासाला ७४४, दिवसाला १७,८५६ मिलिलिटर, म्हणजे सुमारे १८ लिटर. आठवड्याला सुमारे १२५ लिटर. दुसऱ्या टप्प्यावर दोन चुका हमखास सापडतात. एक म्हणजे १७,८५६ पुढे थेट ‘लिटर’ लिहिणं. अशा वेळी ‘बरोबर की चूक’ सांगू नका, ‘एवढ्या पाण्याने किती बादल्या भरतील?’ विचारा. मूल स्वतःच थबकतं. दुसरी चूक उलट्या बाजूची, ‘१७.८५६ लिटर’ असं लिहिणं. मोजपात्राच्या खुणा एकेका मिलिलिटरच्या आणि तीन मोजण्यांत चार मिलिलिटरचा फरक असताना दशांशानंतरच्या तीन अंकांना अर्थ नसतो. शिवाय हा सगळा हिशेब नळाला चोवीस तास पाणी आहे असं धरून आहे. तसं नसेल तर पाणी असण्याचे तास धरावेत. नाहीतर निदान गृहीत काय धरलं ते अहवालात लिहावं.

रुब्रिक: स्तर ३ पासून सुरुवात

रुब्रिक पहिल्या दिवशी मुलांच्या हातात हवी, म्हणजे ती टाचणाच्याही आधी लिहून व्हायला हवी. निकष पाच पुरतात, स्तर चार. तीन किंवा पाच स्तर ठेवले की शंका आली की हात मधल्या स्तराकडेच जातो.

| निकष | भार | कमाल गुण |
|---|---|---|
| मोजमाप आणि नोंदी | २ | ८ |
| हिशेब आणि आलेख | २ | ८ |
| शिफारस आणि तिचा पुरावा | ३ | १२ |
| मांडणी | १ | ४ |
| वैयक्तिक समज | २ | ८ |

स्तर गुणिले भार, एकूण ४०. मांडणीला भार एकच. तो तीन ठेवला तर मुलं दोन तासिका रंगीत शीर्षक काढण्यात घालवतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो, कारण गुण तिथेच होते.

वर्णन लिहिताना आधी स्तर ३ लिहावा. या वर्गाकडून आपण नेमकं काय अपेक्षित धरतो, ते तिथे येतं. मग ४, मग २, शेवटी १. ‘शिफारस आणि तिचा पुरावा’ हा निकष घेऊ.

स्तर ३: तीन नळ सुचवले आहेत आणि प्रत्येकासाठी सामायिक तक्त्यातला आकडा दिला आहे.
स्तर ४: याशिवाय आकड्याच्या मर्यादेचा विचार केला आहे, उदाहरणार्थ मोजणीची वेळ, नळाचा वापर किंवा दोन नळांतला फरक खरंच मोठा आहे का.
स्तर २: नळ सुचवले आहेत, पण आकडा काहींनाच आहे किंवा तक्त्याशी जुळत नाही.
स्तर १: शिफारस आहे, आकड्याचा आधार नाही.
काहीच दिलं नाही तर ०.

‘चांगली’, ‘उत्तम’, ‘समाधानकारक’ हे शब्द वर्णनात आले की रुब्रिकचा उपयोग संपतो, कारण ते वाचून मुलाला काय करायचं ते कळत नाही. नुसती संख्या वाढवणं हाही सापळाच. ‘चार कारणं दिली तर स्तर ४’ असं लिहिलं की मुलं एकच कारण चार वाक्यांत फोडतात.

वैयक्तिक समज पाचव्या आठवड्याच्या बुधवारी तपासायची. प्रत्येकाला नव्या नळाच्या तीन मोजण्या द्यायच्या. दिवसाचं पाणी काढायचं आणि हा नळ पहिल्या तिनांत यावा का ते कारणासह लिहायचं. गटात एकानेच सगळं केलं असेल तर ते इथे उघडं पडतं.

रुब्रिक वापरण्याआधी तिची एक चाचणी घ्यावी. दोन शिक्षकांनी एकच मसुदा स्वतंत्रपणे तपासायचा. एखाद्या निकषावर दोन स्तरांचा फरक आला तर वाद घालत बसू नये, त्या निकषाचं वर्णन बदलावं. एका स्तराचा फरक येतच राहतो.

आता गुण देऊ. एका गटाला मोजमापात ३, हिशेबात २, शिफारशीत ३ आणि मांडणीत ४ मिळाले. ६ + ४ + ९ + ४ म्हणजे ३२ पैकी २३. त्या गटातल्या एका मुलीचं वैयक्तिक उत्तर स्तर ४ चं, तिचे ८ मिळवून ३१. दुसऱ्या मुलाचं स्तर २ चं, त्याचे ४ मिळवून २७. सगळीकडे स्तर ३ मिळवणाऱ्याला ३० गुण म्हणजे ७५ टक्के मिळतात, आणि सगळीकडे २ असलेल्याला ५० टक्के. तुमच्याकडच्या श्रेणींत ‘अपेक्षित’ काम ७५ टक्क्यांना कोणत्या श्रेणीत पडतं ते आधी पाहून घ्या. जुळत नसेल तर स्तरांचं गुणांत रूपांतर बदला. मुलांचे स्तर बदलू नका.

आणखी आठवडा हातातून गेला तर

असं होतंच. अशा वेळी तपासणी गाळून काम चालू ठेवावंसं वाटतं. त्याऐवजी प्रकल्पाचा आकार कापावा. प्रत्येक गटाला दोनऐवजी एक नळ दिला की दुसऱ्या आठवड्यातल्या दोन तासिका सुटतात. तोंडी सादरीकरण काढून अहवाल फक्त भिंतीवर लावला की आणखी दोन. पाचवी राखीव तासिकेतून येते. तीन टप्पे, त्यांच्या दुरुस्तीच्या तासिका आणि वैयक्तिक उत्तर यांना हात लावायचा नाही. सादरीकरण गेलं तर मांडणीचा निकष अहवालावर लावायचा आणि तसं मुलांना त्याच दिवशी सांगायचं.